मसाल्याचे बॉक्स, दोन मजली पॅलेट आणि वीस फुटी कंटेनर: भिवंडी गोडाऊनच्या नोंदी

आमचं गोडाऊन भिवंडीला मानकोलीच्या बाजूला आहे, माल न्हावा शेवाहून युरोपला जातो. माल म्हणजे मसाल्याची पाकिटं, एका बॉक्समध्ये भरून ११ किलो. बॉक्स पाच प्लायचा, बाहेरून ३९० बाय २९० आणि उंची २३० मिमी. पॅलेट लाकडी १२०० बाय १०००, उंची १४५. एका थरात १० बॉक्स, चार थर, म्हणजे पॅलेटवर ४० बॉक्स. कंटेनरमध्ये एका पॅलेटवर दुसरं चढवतो. असाच माल पाठवणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय, त्यात न जमलेलंही लिहिणार आहे.

३ जुलै

तिकडून फोटो आले. साधारण ८८० बॉक्सपैकी १४० च्या आसपास चेपलेले किंवा फुटलेले. आधी सगळ्यांचं म्हणणं एकच, की बोटीवर माल हलला असणार. पण फोटो नीट बघितले तर वरच्या मजल्याची पॅलेट जवळजवळ ठीक आहेत, मेलेत ते खालच्या पॅलेटचे सगळ्यात खालचे दोन थर. शिवाय दारापाशी जे सुटे बॉक्स भरले होते त्यातले तळाचे.

फोटोवरून ओळखायला मला आता तीन खुणा पुरतात. बॉक्सच्या बाजू मधोमध बाहेर फुगल्यात आणि आडवी घडी पडलीय, तर तो वरच्या वजनाने बसलाय. फक्त बाहेरच्या रांगेचे बॉक्स खालच्या कडेला वाकलेत, तर ते पॅलेटच्या बाहेर लटकत होते. आणि सगळा ढीग एकाच दिशेला कलला असेल पण बॉक्सची उंची शाबूत असेल, तर मात्र तो खरंच हललेला माल. आमच्या फोटोंत पहिल्या दोन खुणा भरपूर, तिसरी फक्त दारापाशी. म्हणजे लॅशिंगच्या आधी थरांचं बघायला पाहिजे.

५ जुलै

गोडाऊनमध्ये तयार असलेली पॅलेट टेप घेऊन मोजली. बॉक्स कागदावर ३९० बाय २९० पण पाकिटं भरल्यावर मधे फुगतो, ३९८ ते ४०० आणि २९८ ते ३०० पर्यंत जातो. आमचा थर असा: १२०० च्या बाजूने एका रांगेत चार बॉक्स उभे, मग दोन रांगांत तीन-तीन आडवे. ४ + ३ + ३ म्हणजे १०, आणि कागदावर थर पॅलेटवर थोडी जागा राखून बसतो. फुगवटा धरला की एक मिमी पण उरत नाही, त्यात पॅलेटवाल्याची काही पॅलेट ११८५ च निघाली, मग बाहेरची रांग १५-२० मिमी लटकते.

ही लटक दिसायला किरकोळ वाटते पण बॉक्सची ताकद असते उभ्या कडांमध्ये, चार कोपऱ्यांत, जवळजवळ दोन तृतीयांश ताकद तिथेच. मधली सपाट बाजू वजन आलं की फुगून बाजूला होते. कोपऱ्याखाली लाकूड नसेल तर तो कोपरा हवेत, त्याने वजन उचलायचं कशावर. लटकण्यामुळे २० ते ४० टक्के ताकद जाते असं पॅकेजिंगवाले धरतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आमच्याकडे प्रत्येक थर फिरवून लावतात, पहिल्या थरात चारची रांग डावीकडे तर दुसऱ्यात उजवीकडे, म्हणजे विटांच्या बांधकामासारखी सांध्यावर सांधा न येता बांधणी होते. मुकादम मामा म्हणाले, "साहेब, असं नाही लावलं तर वळणावर पॅलेट उघडतं, आम्ही वीस वर्षं असंच लावतोय." हलण्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण थर फिरवला की वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्या बॉक्सच्या मधल्या मऊ भागावर येतो. पालखी चौघांच्या खांद्यावर असते, इथे आपण खांदे काढून घेतो आणि पालखी पाठीवर ठेवतो. अशा बांधणीत ४० ते ६० टक्के ताकद जाते. पॅलेट बाहेरून मजबूत दिसतं आणि आतून अर्धं झालेलं असतं.

९ जुलै

अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये बॉक्स कॉम्प्रेशन टेस्टला दिले होते, रिपोर्ट आला. रिकामा बॉक्स बंद करून दोन प्लेटमध्ये दाबतात आणि तो किती किलोला बसतो ते बघतात. आमचे बॉक्स २८५ ते ३२० किलोच्या मधे बसले, मी ३०० धरतो. बॉक्सवाल्याने पण ३०० च सांगितलं होतं, म्हणजे त्याची चूक नाही हे आधी स्पष्ट झालं.

गोडाऊनच्या भिंतीलगतचे, पावसाळी हवा खाल्लेले काही बॉक्स मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले होते आणि न वाळवता तसेच टेस्ट करायला सांगितले. ते २०० च्या आसपास बसले. तोच बॉक्स, तोच कागद, फक्त जुलैची हवा.

आता हिशोब. खालच्या पॅलेटच्या तळाच्या बॉक्सवर स्वतःच्या पॅलेटमधले तीन बॉक्स, ३३ किलो. वर दुसरं पॅलेट, ४० बॉक्सचे ४४० आणि लाकडाचे २५ असे ४६५ किलो, ते दहा खांबांत वाटलं तर ४६.५. एकूण ८० किलो धरा. ३०० चा बॉक्स आणि ८० चं वजन, वरवर बघितलं तर जवळजवळ चौपट आहे, इथेच सगळे फसतात.

कारण ३०० हा आकडा मशिनवर काही सेकंदांच्या दाबाचा आहे. महिनाभर वजन राहिलं की बॉक्स साधारण ६० टक्केच पेलतो. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर त्याचे पुन्हा ०.६८. पॅलेटच्या वरच्या फळ्यांमधल्या फटींमुळे अजून १०-२५ टक्के जातात, मी ०.८५ घेतलं. शीटमध्ये असं टाकलं:

```
=300*0.6*0.68*0.85
=300*0.6*0.68*0.85*0.5
=300*0.6*0.48*0.85
```

पहिली ओळ बॉक्सवर बॉक्स सरळ रचला तर, उत्तर १०४ किलो. दुसरी ओळ आमची फिरवलेली बांधणी, उत्तर ५२. आणि बॉक्सवर आहेत ८०. म्हणजे बॉक्स बसणं हा अपघात नव्हता, ते ठरलेलंच होतं. यात लटक धरलेलीच नाही अजून. तिसरी ओळ सरळ रचलेलाच माल पण आर्द्रता ९० टक्के, उत्तर ७३, म्हणजे सरळ रचूनही भर पावसात दोन मजले धोक्यातच.

एक खुलासा, हे ०.६८ वगैरे आकडे ५० टक्के आर्द्रतेच्या तुलनेतले आहेत आणि आपल्याकडची लॅब २७ डिग्री आणि ६५ टक्क्यांवर टेस्ट करते, त्यामुळे माझा हिशोब थोडा कडक बाजूला झुकतो. मी मुद्दाम तसाच ठेवलाय, बोट वरखाली होताना वजन क्षणभर वाढतं त्याला ती जागा राहू दे.

अजून एक, हे सगळं पाकिटांसाठी. आत काचेच्या बरण्या किंवा टिनचे डबे असतील तर माल स्वतः वजन उचलतो आणि हिशोब वेगळा होतो. मसाल्याचं पाकीट काहीच उचलत नाही, सगळा भार पुठ्ठ्यावर.

१२ ते १७ जुलै

शीटवर कोणी विश्वास ठेवेना म्हणून गोडाऊनच्या कोपऱ्यात दोन जोड्या उभ्या केल्या. एक आमच्या नेहमीच्या पद्धतीने, एक सरळ खांबासारखी रचलेली, दोन्हींवर भरलेलं दुसरं पॅलेट. जमिनीपासून खालच्या मालाच्या वरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांवर रोज टेप लावायची. सुरुवात दोन्हीकडे १०६५ ला.

सहाव्या दिवशी फिरवलेली जोडी एका कोपऱ्यात १८ मिमी खाली आणि समोरच्या कोपऱ्यात ७, म्हणजे वरचं पॅलेट डोळ्यांना दिसेल इतकं कललं. सरळ जोडी ४-५ मिमी, चारही बाजूंनी सारखी. माझ्या मते ही चाचणी कुठल्याही गोडाऊनमध्ये फुकट होते, फक्त जागा अडते. आणि किती मिमी खाली गेलं यापेक्षा चार कोपऱ्यांतला फरक बघायचा, सारखं बसलं तर चालतं, एका बाजूला बसायला लागलं की पुढे ते वाढतच जातं.

मुकादम मामांनी स्वतः टेप धरली होती. १७ तारखेला म्हणाले, "बरं, सरळ लावू. पण उघडायचं नाही याची जबाबदारी कोणाची?"

१९ जुलै

मामांचा प्रश्न खरा होता. सरळ रचलेलं पॅलेट हँड पॅलेटने ओढलं, उंबरठ्यावर दणका बसला आणि कोपऱ्याचा खांब वेगळा होऊन बाहेर झुकला.

पहिला उपाय म्हणून स्ट्रेच रॅप जोरात ताणून लावला. माल एकत्र राहिला, पण वरच्या थराचे कोपरे आत ओढले गेले आणि बॉक्स तिरके झाले, म्हणजे कोपऱ्यावर कोपरा ठेवायची सगळी मेहनत रॅपनेच मोडली. त्यावर प्लास्टिकची पट्टी आवळली तर ती बॉक्सच्या कडेत घुसली. ही दोन पॅलेट पूर्ण उकलून परत लावली, अर्धा दिवस गेला.

२२ जुलै

पुठ्ठ्याचे अँगल आणले, कोपऱ्याला उभे लावायचे ते. हे लावल्यावर चित्र बदललं. रॅपचा ताण अँगलवर जातो, बॉक्सवर नाही. उंची मालाइतकीच कापायची, एक सेंटीमीटर जरी वर राहिला तरी वरचं पॅलेट त्या अँगलवर टेकतं, आणि खाली लाकडाला टेकलेला पाहिजे.

आता क्रम असा ठरला. खालचे तीन थर एकदम सरळ, कोपऱ्यावर कोपरा. फक्त चौथा, सगळ्यात वरचा थर फिरवायचा. वरच्या थराखालचं नुकसान थोडं असतं कारण तिथे स्वतःच्या पॅलेटचं वजन फक्त एका बॉक्सचं, आणि त्या एका फिरवलेल्या थराने खांब एकमेकांना बांधले जातात. पण लगेच अडचण दिसली, हे वरच्या पॅलेटला चालेल, खालच्या पॅलेटला नाही, तिथे चौथ्या थरावर ४६५ किलो येणार. म्हणून खालच्या पॅलेटचे चारही थर सरळ आणि फिरवणं फक्त वरच्या मजल्याला. पोरांचा गोंधळ होऊ नये म्हणून खालच्या पॅलेटला लाल आणि वरच्याला हिरवं स्टिकर.

रॅप सुरू करायचा तो पॅलेटच्या लाकडापासून, खाली तीन फेरे लाकूड आणि पहिला थर एकत्र पकडून. आधी रॅप फक्त बॉक्सना असायचा, माल एकसंध पण लाकडावर सुटा. ते तपासायला एक पॅलेट टेम्पोत टाकून मुंब्रा बायपासला फेरी मारली होती, जुन्या रॅपवर सगळा माल मिळून लाकडावरून ४० मिमी पुढे सरकला, नवीनवर जागचा हलला नाही.

लटक घालवायला फुगवट्यावर काम केलं. पाकिटं बॉक्समध्ये उभी भरत होतो, ती आडवी निजवून भरली की फुगवटा निम्मा होतो. पॅकिंगच्या बायकांनी हे सुचवलं, त्यांना आधीपासून माहीत होतं, कोणी विचारलंच नव्हतं. आणि ११९५ च्या खालचं पॅलेट आत घ्यायचं नाही असं पॅलेटवाल्याला कळवलं.

२६ जुलै

सरळ रचलेल्या जोडीचं वरचं पॅलेट उतरवलं तर खालच्या मालावर तीन पट्ट्यांचे ठसे. वरच्या पॅलेटच्या तळाला तीनच फळ्या असतात, प्रत्येकी साधारण १०० मिमी रुंद, दोन कडांना आणि एक मधे. म्हणजे माझ्या शीटमध्ये ४६५ किलो दहा खांबांत सारखे वाटले गेले होते ते फक्त कागदावर, प्रत्यक्षात कडेची फळी बाहेरच्या बॉक्सच्या बाहेरच्या भिंतीवरच बसते आणि त्याच बॉक्सची आतली भिंत रिकामी.

उपाय सोपा, खालच्या मालावर पूर्ण आकाराचा तक्ता टाकायचा. आधी पुठ्ठ्याची जाड शीट टाकली, दोन दिवसांत तिच्यावरही ठसे उमटले, पावसात ती मऊच. मग ९ मिमी प्लायवुड कापून घेतलं, ठसे गायब. एका तक्त्याला साधारण ५०० रुपये, एका कंटेनरला नऊ तक्ते. वजन सहा-सात किलोने वाढतं ते हिशोबात धरलं. प्लायवुडला पॅलेटसारखा हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागत नाही, तो नियम साध्या लाकडाला आहे, त्यामुळे कागदपत्रांत काही वाढलं नाही.

२ ऑगस्ट

पॅलेटचं लाकूड. शिक्का आहे म्हणजे लाकूड कोरडं असा समज सगळीकडे आहे. शिक्क्याचा अर्थ एवढाच की लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री तापमान ३० मिनिटं राहिलं, कीड मारायला. त्यानंतर पॅलेट पंधरा दिवस पावसात पडलं असेल तर ते ओलंच. मॉइश्चर मीटर लावला तर बाहेर ठेवलेली पॅलेट २६-२८ टक्के दाखवत होती, शेडमधली १७-१८. हे पाणी बंद कंटेनरमध्ये जाणार कुठे, दिवसा गरम झालं की हवेत, रात्री छताला थेंब, आणि थेंबाखाली आमचा पुठ्ठा. मी हद्द २० टक्के ठेवली. मीटर दोनेक हजारात येतो, आणि माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात लवकर वसूल होणारी वस्तू तीच.

त्या दिवशी १४ पॅलेट परत गेली, गाडी रिकामी आली, एक दिवस वाया.

६ ऑगस्ट

कंटेनरचा प्लॅन. वीस फुटीची आतली लांबी ५.९ मीटर, रुंदी २.३५, आत उंची २.३९ पण दाराची उंची २.२८, आणि मोजायची ती दाराची. आमची जोडी १०६५ अधिक १०६५ म्हणजे २१३०, वर तक्त्याचे ९ मिमी. फोर्कलिफ्टने उचलायला साधारण १४ सेंटीमीटर उरतात, पुरतात.

जमिनीवर दोन रांगा. एकीत पॅलेट आडवी, पाच, ५ मीटर. दुसरीत उभी, चार, ४.८ मीटर. रुंदी १.२ अधिक १ म्हणजे २.२, बाजूला १५ सेंटीमीटर उरतात. नऊ जागा, दोन मजले, अठरा पॅलेट. दारापाशी एका रांगेत ९० सेंटीमीटर आणि दुसरीत १.१ मीटर रिकामे.

आधी या रिकाम्या जागेत सुटे बॉक्स भरले जायचे, नऊ-नऊ उंच. तळाच्या बॉक्सवर आठ बॉक्स, ८८ किलो, पॅलेट नाही, रॅप नाही, आणि दार उघडलं की अंगावर. फोटोतले दारापाशीचे बॉक्स हेच. आता हद्द पाच उंच, तळाच्या बॉक्सवर ४४ किलो, आणि दाराकडून लाकडी फळ्यांची चौकट. एका थरात १८ बॉक्स बसतात, म्हणजे चार थर कमी करून ७२ बॉक्स मागे राहतात. ऑफिसला हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी मी मागच्या खेपेच्या डॅमेजची रक्कम आणि ७२ बॉक्सचं भाडं शेजारी शेजारी लिहून दिलं, मग सही झाली.

११ ऑगस्ट

स्टॉकमधले जुने ३०० वालेच बॉक्स वापरायचे होते, म्हणून वरच्या मजल्याचं पॅलेट चारऐवजी तीन थरांचं केलं. मग तळाच्या बॉक्सवर ३३ अधिक ३५.५, म्हणजे ६८-६९ किलो, तक्ता धरून ७० च्या खाली. ८० टक्के आर्द्रतेत बॉक्स १०४ पेलतो, ९० टक्क्यांत ७३. दुसरा आकडा काठावर आहे हे सगळ्यांना सांगून ठेवलं. आर्द्रता खाली ठेवायला कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या कंटेनरच्या भिंतींना टांगल्या.

सकाळी कंटेनर आला तेव्हा आधी आत उभं राहून दार बंद करून घेतलं, कुठून उजेड येतो का बघायला. छताच्या कोपऱ्यात टाचणीएवढं भोक दिसलं. कंटेनर परत केला, दुसरा दुपारी आला. उशीर झाला पण त्या भोकातून महिनाभर पाणी आलं असतं.

भरताना बाजूची १५ सेंटीमीटरची फट दोन रांगांच्या मधे आणली आणि तिथे हवेच्या बॅगा फुगवल्या. पहिली बॅग पोरांनी जरा जास्तच फुगवली, शेजारचे बॉक्स आत दबायला लागले, लगेच हवा काढली. बॅग नुसती बॉक्सला लागू द्यायची नाही, मधे पुठ्ठ्याची शीट ठेवायची आणि गेजवर लक्ष ठेवायचं. रस्त्यावर बाजूला जाणारा धक्का वजनाच्या निम्म्याइतका आणि ब्रेकचा पुढचा धक्का ०.८ पट धरतात, मोठ्या समुद्रात बाजूचा धक्का पण ०.८ पर्यंत जातो, त्यामुळे ही फट मोकळी सोडणं शक्यच नाही.

संध्याकाळी सील लागलं. गाडी शिळफाटा, कळंबोली करत रात्री जेएनपीटीच्या रांगेत.

२४ सप्टेंबर

तिकडचे फोटो आले. एकूण ७२० बॉक्स गेले होते, डॅमेज ११. खालच्या पॅलेटचे तळाचे थर उभे आहेत, फुगवटा आहे पण आडवी घडी नाही. ११ पैकी आठ दारापाशीचे सुटे, चौकटीच्या मधल्या फळीने त्यांच्यावर ओळ पाडलीय, म्हणजे फळीच्या आतून प्लायवुडचा तुकडा हवा होता. उरलेले तीन एका पॅलेटच्या एकाच कोपऱ्यातले, अँगल खाली लाकडाला न टेकता रॅपमध्ये लोंबकळत होता हे फोटोत स्पष्ट दिसतं.

तिकडच्या वेअरहाऊसवाल्याने एक फोटो असाही पाठवलाय ज्यात आमची तीन पॅलेट एकावर एक आहेत. तिसऱ्या मजल्याचं वजन आमच्या कुठल्याच हिशोबात नाही. त्यांना मेल केला, आणि पॅलेटच्या चारही बाजूंना "वर फक्त एक पॅलेट" असं इंग्रजीत चित्रासकट चिकटवायचं ठरलं. बॉक्सवरच्या छापील चिन्हातला आकडा काहीजण एकूण थर म्हणून वाचतात आणि काहीजण वर ठेवायचे बॉक्स म्हणून, म्हणून नुसत्या आकड्यावर भागवायचं नाही.

३ ऑक्टोबर

नवीन बॉक्स आले, लायनर जड घेतलाय, बॉक्समागे ६ रुपये जास्त. टेस्टमध्ये ४०० च्या वर बसले. ८० टक्क्यांत १३९ आणि ९० टक्क्यांत ९८ किलो, म्हणजे वरचं पॅलेट परत चार थरांचं करता येतं, ८० किलोला पुरतं. एका कंटेनरला ९० बॉक्स जास्त जातात, त्यात बॉक्सचा वाढीव खर्च निघून जातो. तक्ते, अँगल, लाल-हिरवे स्टिकर सगळं तसंच राहणार. पुढचा कंटेनर याच बॉक्सवर भरतोय, दारापाशी यावेळी प्लायवुड लावलंय आणि मुकादम मामा अँगल खाली टेकलाय का ते प्रत्येक पॅलेटला हात घालून बघतायत.